पुढच्या तारखेचा चेक आणि मागच्या तारखेचं बिल

सांगलीतला एक पीव्हीसी पाइपचा घाऊक व्यापारी आणि जतचा त्याचा एक दुकानदार ग्राहक यांचं उदाहरण घेऊ. माणसं आणि आकडे कल्पित आहेत; व्यवहार मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात रोज होतो तसाच आहे. दुकानदाराने १२ नोव्हेंबर २०२५ ला १,१०,००० रुपयांचा माल उचलला आणि २८ नोव्हेंबरला आणखी ७५,००० रुपयांचा. उधारी साठ दिवसांची. २ डिसेंबरला व्यापाऱ्याचा वसुलीचा माणूस जतला गेला, तेव्हा दुकानदाराने दोन्ही बिलांचा मिळून १,८५,००० रुपयांचा एकच चेक लिहून दिला. तारीख टाकली २७ जानेवारी २०२६.

या चेकने पहिल्याच क्षणी एक गोष्ट गुपचूप केली. दुसऱ्या बिलाचे साठ दिवस बरोबर २७ जानेवारीला भरतात, पण पहिल्या बिलाची मुदत ११ जानेवारीलाच संपते. म्हणजे १,१०,००० रुपयांवर दुकानदाराने सोळा दिवसांची सवलत मागितली नाही, नुसती तारीख लिहून घेतली. अशी सवलत द्यायला हरकत नाही, धंद्यात ती द्यावीच लागते. पण ती दिली गेली हे मालकाला कळायला हवं आणि ते कळतं कार्यालयातल्या संगणकावर चेकची नोंद कशी होते त्यावरून. बहुतेक गोंधळाचं मूळ या पहिल्या नोंदीतच असतं.

संध्याकाळी वसुलीचा माणूस चेक अकाउंटंटच्या टेबलावर ठेवतो. अकाउंटंट सवयीने जमेची पावती करतो: बँक नावे, पार्टी जमा. पार्टीच्या खात्यावरची बाकी शून्य होते, दोन्ही बिलं ‘मिटली’ या रकान्यात जातात. चेक मात्र कपाटात आहे, आणि पैसे अजून आठ आठवडे दूर आहेत.

टॅलीने यासाठी सोय दिली आहे. पावती करताना `Ctrl+T` दाबलं की ती नोंद पुढच्या तारखेची ठरते. ती तारीख येईपर्यंत बँकेच्या किंवा पार्टीच्या बाकीवर तिचा परिणाम होत नाही. सोय चांगली आहे, पण तिची मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. तारीख उजाडली की ती नोंद आपोआप नेहमीच्या नोंदींत जाऊन बसते. चेक बँकेत टाकला की नाही, वटला की परत आला, हे टॅलीला ठाऊक नसतं. तिला फक्त दिनदर्शिका कळते. २७ जानेवारीला अकाउंटंट रजेवर असला आणि चेक कपाटातच राहिला, तरी खात्यात १,८५,००० जमा दिसतील.

ईआरपीनेक्स्टमध्ये धोका उलट्या बाजूने येतो. तिथे `Payment Entry` सबमिट केली की `Cheque/Reference Date` दोन महिने पुढची असली तरी बिलाची बाकी त्याच क्षणी उतरते. `Clearance Date` नावाचा रकाना आहे, तो बँकेशी मेळ घालताना कामाला येतो, पण त्याच्या वाट पाहण्याने पार्टीची बाकी थांबून राहत नाही. त्यामुळे अनेकजण ही नोंद चेक वटेपर्यंत `Draft` म्हणून ठेवतात. जुजबी उपाय आहे, पण खोट्या शून्यापेक्षा बरा.

माझ्या मते खरी पद्धत एकच. चेकला स्वतःची नोंद असावी, पार्टीच्या खात्यापासून वेगळी. त्या नोंदीत चेकचा क्रमांक, बँक, तारीख, रक्कम आणि तो कोणत्या बिलांपोटी आला ते असावं. आणि त्या चेकची सध्याची अवस्था असावी: हातात आहे, बँकेत टाकला आहे, वटला, परत आला, किंवा पार्टीला परत दिला. पार्टीची बिलं ‘वटला’ या अवस्थेपर्यंत उघडीच राहावीत. पार्टीला खातेउतारा पाठवताना दोन ओळी छापाव्यात: येणं १,८५,०००, आणि त्याखाली हातातील चेक १,८५,०००. दुकानदाराचं समाधान होतं, कारण त्याने चेक दिल्याचं कागदावर दिसतं. आणि व्यापाऱ्याचीही फसगत होत नाही.

याचा पहिला फायदा उधारीच्या मर्यादेत दिसतो. समजा या दुकानदाराची मर्यादा तीन लाखांची आहे. चेक मिळताच बाकी शून्य केली, तर डिसेंबरमध्ये विक्रीवाल्याला पडद्यावर पूर्ण तीन लाखांची मोकळीक दिसते. तो आणखी २,६०,००० चा माल पाठवतो, आणि संगणक ‘ठीक आहे’ म्हणतो. प्रत्यक्षात व्यापाऱ्याचे ४,४५,००० रुपये एकाच दुकानात अडकलेले असतात, मर्यादेच्या जवळजवळ दीडपट. चेक वटला तर हे कुणाला कधी कळतही नाही, आणि म्हणूनच ही सवय वर्षानुवर्षं टिकते. ती उघडी पडते चेक परत आल्यावर, आणि तेव्हा माल गेलेला असतो.

चेक टाकण्याचा दिवस

जानेवारीत काय होतं ते बघू. २६ तारखेला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्यामुळे चेक टाकायचा मंगळवारी, २७ ला. आदल्या कामाच्या दिवशीच पुढच्या तीन-चार दिवसांत पिकणाऱ्या चेकची यादी कुणाच्या तरी पडद्यावर यायला हवी, आणि त्या यादीवरून पार्टीला फोन जायला हवा. पूर्वी या फोनचं महत्त्व कमी होतं. चेक आज टाकला तरी समोरच्या बँकेत पैसे कापले जायला एखादा दिवस लागायचा, आणि तेवढ्या वेळात दुकानदार गल्ल्यातली रोकड भरून यायचा.

ती फुरसत आता उरलेली नाही. चेकचा कागद बँकांमध्ये फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते, हे गेली काही वर्षं चालू आहेच. पण ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने गठ्ठ्याने चेक वटवण्याची जुनी पद्धत बंद करून दिवसभर सतत चालणारी पद्धत आणली. दिवसाच्या ठरलेल्या वेळात चेकच्या प्रतिमा पुढे जात राहतात, आणि समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं. कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे सकाळी टाकलेल्या चेकचं भवितव्य त्याच संध्याकाळी ठरतं. ‘चेक टाका, मी उद्या पैसे भरतो’ हे वाक्य आता चालत नाही, हे पार्टीला आधीच सांगितलेलं बरं.

आणखी एक गोष्ट त्याच फोनमध्ये विचारून घ्यावी. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय आहे. चेक लिहिणाऱ्याने आपल्या बँकेला त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम, कुणाच्या नावे ही माहिती आधी कळवायची असते. पाच लाख आणि त्यावरच्या चेकना काही बँकांनी ती सक्तीची केली आहे. दोन महिन्यांपूर्वी लिहिलेल्या चेकची माहिती कळवायची राहून गेली, म्हणून खात्यात पैसे असूनही चेक अडकू शकतो.

आपल्या उदाहरणात फोन झाला नाही. चेक सकाळी अकराला टाकला आणि संध्याकाळी परत आला. कारण: ‘फंड्स इनसफिशियंट’, खात्यात पुरेसे पैसे नाहीत.

परत आलेल्या चेकची नोंद

आता अकाउंटंट काय करतो यावर पुढचे तीन महिने अवलंबून आहेत. जिथे पावती आधीच पार्टीच्या खात्यावर जमा झाली होती, तिथे तीन वाटा दिसतात, आणि त्यातल्या दोन नुकसानीच्या आहेत.

पहिली वाट म्हणजे मूळ पावती पुसून टाकणं. बाकी बरोबर होते, पण चेक आला होता, टाकला होता आणि परत आला हा इतिहासच जातो. बँकेच्या उताऱ्यात मात्र जमा आणि परत अशा दोन्ही ओळी असतात, त्यामुळे मेळ बसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशाच सॉफ्टवेअरमध्ये हिशेब ठेवावे लागतात, ज्यात प्रत्येक बदलाची खूण राहते आणि ती बंद करता येत नाही. पुसलेली पावती त्या खुणेत दिसतेच, आणि लेखापरीक्षक कारण विचारतोच.

दुसरी वाट सर्रास चालते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. परतीच्या दिवशी ‘चेक परत’ म्हणून पार्टीच्या नावे १,८५,००० ची नवी नोंद टाकायची. बाकी जुळते, बँकही जुळते, कुणाला काही खटकत नाही. पण जुनी दोन्ही बिलं मिटलेलीच राहतात आणि त्यांच्या जागी एक नवं, आजच जन्मलेलं येणं उभं राहतं. टॅलीत ही नोंद करताना बिलांच्या तपशिलात `New Ref` निवडला की नेमकं हेच होतं.

परिणाम बघा. ३१ मार्चला मालक थकबाकीचा वयोमानाचा तक्ता काढतो. खरं पाहिलं तर १२ नोव्हेंबरचं बिल त्या दिवशी १३९ दिवसांचं आणि २८ नोव्हेंबरचं १२३ दिवसांचं आहे. दोन्ही ‘१२० दिवसांवरील’ या लाल रकान्यात पडायला हवीत. चेक दुसऱ्यांदा ५ फेब्रुवारीला परत आला आणि त्या दिवशी नवी नोंद पडली असेल, तर तक्त्यात हे येणं ५४ दिवसांचं दिसतं. साठ दिवसांची उधारी असलेल्या पार्टीचं ५४ दिवसांचं येणं म्हणजे अजून मुदतीतलं येणं! ज्याचा चेक दोनदा परत आला तो दुकानदार तक्त्यात वेळेवर पैसे देणाऱ्यांच्या रांगेत बसतो, आणि विक्रीवाला त्याला बिनघोर पुढचा माल देतो. दर महिन्याला एक चेक देऊन तो परत येऊ देणारा ग्राहक अशा हिशेबात कधी म्हातारा होतच नाही.

तिसरी वाट, जी योग्य आहे, ती अशी: मूळ पावती तशीच ठेवायची, तिची उलट नोंद करायची, आणि ती उलट नोंद त्याच दोन बिलांच्या क्रमांकांशी जोडायची. त्यामुळे १,१०,००० आणि ७५,००० ही दोन बिलं आपापल्या मूळ तारखांसह पुन्हा उघडतात. चेकची वेगळी नोंद ठेवणाऱ्या पद्धतीत हे काम आणखी सोपं असतं, कारण बिलं मुळात बंदच झालेली नसतात. चेकची अवस्था ‘टाकला’ वरून ‘परत आला’ एवढीच बदलते. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा: चेक परत आल्याची नोंद करून दाखवा आणि मग थकबाकीचा तक्ता काढा. बिलाची तारीख जुनीच राहिली तर पुढे बोलायचं.

चालू असलेल्या पद्धतीत ही गडबड आहे का, हेही तपासता येतं. थकबाकीच्या तक्त्यात बिल क्रमांकाऐवजी ‘चेक परत’, ‘रिटर्न’ किंवा नुसता चेकचा क्रमांक असलेल्या ओळी शोधाव्यात. अशी प्रत्येक ओळ म्हणजे वय लपवलेलं एक जुनं बिल.

परतीसोबत बँकेचा दंड येतो. समजा तो ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. हा खर्च आपला. पार्टीकडून वसूल करायचा तर तिच्या नावे वेगळी नोंद करावी, बिलांच्या रकमेत मिसळू नये. चेक परत आल्याबद्दल ग्राहकाकडून घेतलेल्या दंडावर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. उशिराबद्दल व्याज लावलं तर ते मात्र मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं आणि त्यावर कर लागतो. म्हणून दंड आणि व्याज एका ओळीत लिहू नयेत.

पुन्हा टाकायचा का?

आता फोन होतो. “शेठ, ऊसबिल अडकलंय हो सगळ्यांचं, दुकानात वसुलीच नाही. पाच तारखेला टाका, नक्की वटेल.” व्यापारी तयार होतो. या तयार होण्यात चूक नाही. पण आधी परतीच्या मेमोवरचं कारण बघायला हवं, कारण प्रत्येक परतीचा अर्थ सारखा नसतो.

पैसे कमी पडले असतील तर बोलून, तारीख ठरवून पुन्हा टाकण्यात अर्थ आहे. प्रतिमा अस्पष्ट आली अशा तांत्रिक कारणाने परत आला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपली बँकच तो लगेचच्या क्लिअरिंगमध्ये, चोवीस तासांच्या आत, स्वतःहून पुन्हा पाठवते. मग उताऱ्यात जमा, परत, पुन्हा जमा अशा तीन ओळी दिसतात आणि अकाउंटंट बुचकळ्यात पडतो. चेकच्या क्रमांकावरून मेळ घातला तर उलगडा होतो. पण ‘पेमेंट थांबवलं’, ‘खातं बंद’ किंवा ‘सही जुळत नाही’ असं कारण आलं, तर पुन्हा टाकून काही हाती लागत नाही. तिथे त्याच दिवशी पार्टीचा माल थांबवायचा आणि वकिलाला फोन करायचा. ही तिन्ही कारणं सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत फौजदारी कलमाच्या कक्षेत धरली आहेत, त्यामुळे ‘पैसे कमी नव्हते, मी फक्त पेमेंट थांबवलं’ एवढ्याने चेक देणारा सुटत नाही. म्हणून ईआरपीत परतीचं कारण हे मोकळ्या शेऱ्यात लिहायचं नसतं. ते यादीतून निवडायचं असतं, म्हणजे पुढची वाट त्यावरून ठरवता येते.

पुन्हा टाकल्याची नोंदही नीट करायची असते. तो नवा चेक नाही. नवी पावती केली, तर तोच चेक क्रमांक दोन पावत्यांवर येतो आणि वर्षअखेरीला पार्टीने ३,७०,००० दिल्याचा भास होतो. एकाच चेकच्या नोंदीखाली टाकण्याच्या ओळी वाढत जाव्यात: पहिली, २७ जानेवारी, परत, पैसे अपुरे, दुसरी, ५ फेब्रुवारी. प्रत्येक ओळीला त्या वेळच्या मेमोचं छायाचित्र जोडलेलं असावं. हा मेमो नुसता कागद नाही. चेक न वटल्याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून न्यायालय तो मानतं.

५ फेब्रुवारीलाही चेक परत आला. आता दोन तारखा महत्त्वाच्या होतात, आणि त्या दोन्ही संगणकाने स्वतः मोजून पडद्यावर दाखवायला हव्यात.

पहिली, चेकच्या आयुष्याची. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा. २७ जानेवारीचा चेक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मरतो. २५ एप्रिल चौथा शनिवार, बँक बंद. २६ ला रविवार. म्हणून बिनधोक टाकायचा शेवटचा दिवस शुक्रवार, २४ एप्रिल.

दुसरी, नोटिशीची. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, म्हणजे बाजारात ज्याला सगळे ‘एकशे अडतीस’ म्हणतात तो कायदा. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात हे कलम आलं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत चेकच्या रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस पाठवावी लागते. ५ फेब्रुवारीला कळलं, तर ७ मार्चपर्यंत. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पार्टीला पैसे द्यायला असतात. समजा नोटीस १० फेब्रुवारीला निघाली आणि १३ ला मिळाली, तर २८ फेब्रुवारीपर्यंत वाट पाहायची. पैसे आले नाहीत तर तिथून एका महिन्यात तक्रार दाखल करायची, म्हणजे मार्च संपायच्या आत केली की निश्चिंत. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकतं. नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र ती सूट नाही. तक्रार कुठे करायची, याची चिंता २०१५ च्या दुरुस्तीने मिटवली आहे: आपलं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयात. सांगलीच्या व्यापाऱ्याला जतला किंवा आणखी लांब जावं लागत नाही.

या दोन तारखा एकमेकींशी कशा खेळतात ते समजून घेण्यासारखं आहे. समजा व्यापारी ‘बघू, देईल’ म्हणत थांबला आणि २० मार्च उजाडला. ७ मार्च उलटल्यामुळे दुसऱ्या परतीवरची नोटीस आता चालणार नाही. पण चेक अजून जिवंत आहे. तो पुन्हा टाकला आणि पुन्हा परत आला, तर नव्या मेमोपासून नवे तीस दिवस सुरू होतात. आधी एकदा हक्क मिळूनही खटला भरला नाही म्हणून पुढच्या परतीवर भरता येत नाही, असा समज १९९८ च्या एका निकालामुळे होता. २०१२ मध्ये एमएसआर लेदर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल बदलला. म्हणजे २४ एप्रिलपर्यंत दार उघडं आहे. २७ एप्रिलला कपाटातून काढलेला तोच चेक मात्र शिळा म्हणून परत येईल, आणि या फौजदारी वाटेने पुढे जाता येणार नाही. दिवाणी दावा उरतो, पण त्याचा धाक वेगळा आणि वेगही वेगळा.

अनेक कार्यालयांत हे सारं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस आजारी पडला की तारीख जाते. म्हणून ‘परत आला’ ही अवस्था निवडताच मेमोची तारीख विचारली जावी, आणि तिसाव्या दिवसाच्या दहा दिवस आधी मालक आणि वसुलीवाला दोघांनाही इशारा जावा. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

मध्येच आलेले पस्तीस हजार

आता हेच उदाहरण थोडं बदलू. चेक अजून कपाटात आहे, आणि १५ जानेवारीला दुकानदार यूपीआयने ३५,००० पाठवतो. ‘थोडं कमी करून घ्या’ असा निरोप. अकाउंटंट खुश होतो, पार्टीला जमा देतो. येणं उरतं १,५०,०००. चेक मात्र १,८५,००० चाच आहे.

२७ तारखेला तो चेक जसाच्या तसा टाकला आणि परत आला, तर खटला उभा राहत नाही. ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, चेक दिल्यानंतर काही रक्कम चुकती झाली असेल तर तिची नोंद चेकवर करायला हवी. तशी न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर टाकतेवेळी तेवढं देणं उरलेलंच नव्हतं, म्हणून एकशे अडतीस लागत नाही. कायद्यात अशा नोंदीची तरतूद आहे, पण प्रतिमेवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत चेकवर खाडाखोड किंवा लिखाण केलेलं बँकांना नको असतं. तारखेखेरीज दुसरा बदल त्या मान्य करत नाहीत. व्यवहारात सरळ मार्ग एकच: १,५०,००० चा नवा चेक घ्यायचा आणि जुना परत द्यायचा.

हे ईआरपीला आपोआप कळू शकतं. एखाद्या पार्टीची रक्कम जमा करताना, ज्या बिलांवर ती लावली जाते आहे त्यांच्यापोटी हातात चेक असेल, तर तिथेच थांबवणारा संदेश यायला हवा. चेकची नोंद बिलांशी जोडलेली असेल तरच हे शक्य होतं. म्हणूनच सुरुवातीला बिलांचे क्रमांक लिहून घेण्याचा आग्रह. नोटिशीच्या बाबतीतही तीच काळजी: मागणीत चेकची रक्कम अचूक आणि वेगळी लिहिलेली असावी, दंड, व्याज लिहायचं तर वेगळ्या ओळीत. खात्यातली एकूण बाकी उचलून नोटिशीत टाकली, तर पुढे न्यायालयात तीच त्रुटी ठरते.

परतीनंतर पार्टीने एनईएफटीने पैसे भरले, तर परत आलेला चेक कपाटात राहू देऊ नये. दुकानदाराने पैसे दिले, पण चेक आपल्याकडेच राहिला, आणि दोन आठवड्यांनी नव्या मुलाने ‘पुन्हा टाकायचे’ गठ्ठ्यातला समजून तो बँकेत नेला, असं होतं. या वेळी खात्यात पैसे असले तर तो वटतो. मग चिडलेला दुकानदार, परतावा, माफी. चेक परत देताना त्याची पोच घ्यावी आणि नोंदीत ‘पार्टीला परत’ ही अवस्था टाकून त्याच्या पुढच्या ओळी बंद कराव्यात.

३१ मार्चला कपाट उघडून चेक मोजावेत आणि ती यादी संगणकातल्या ‘हातात आहे’ या यादीशी ताडून पाहावी. एप्रिल-मेच्या तारखांचे चेक असतील तर ती रक्कम त्या दिवशीची बँकेतली शिल्लक नाही. ती येण्यातच राहते. यादीत असून कपाटात नसलेला चेक एकतर बँकेत आहे, वकिलाकडे आहे, किंवा हरवला आहे. हरवला असेल तर पार्टीला त्याच दिवशी कळवावं, म्हणजे ती बँकेला तो थांबवायला सांगेल आणि दुसरा देईल. कपाटात असून यादीत नसलेला चेक सापडला, तर तो कुणी आणला, कोणत्या बिलापोटी आणला आणि त्याच्यावर तारीख कोणती आहे, हे त्याच संध्याकाळी विचारून घ्यावं.